शेल्फवरची किंमत वाचता येत नाही: सुपरमार्केटच्या रेंडरमधली पुन्हापुन्हा येणारी अडचण

सुपरमार्केटच्या गल्लीचं रेंडर क्लायंटला पाठवलं की दोन दिवसांत फोन येतोच. "मॅडम, चित्र छान आहे, पण टॅगवरची किंमत वाचता येत नाही. क्वालिटी वाढवा ना जरा." मग आपण रिझोल्यूशन वाढवतो, सॅम्पल वाढवतो, रात्रभर मशीन चालू ठेवतो आणि सकाळी पाहावं तर किमती पुन्हा तशाच चेपलेल्या. माझ्याकडे हे तीन वेगवेगळ्या कामांत झालं. शेवटच्या वेळी, किराणा मालाच्या एका साखळीच्या कामात, मी वही घेऊन बसले आणि हिशोब मांडला. तोच हिशोब इथे लिहिते आहे, कारण या अडचणीचं मूळ रेंडरच्या क्वालिटीत नसतं, कॅमेरा कुठे उभा आहे यात असतं.

काम असं होतं. एक मीटर रुंदीचे खण जोडून केलेली गोंडोला शेल्फ, उंची १.८ मीटर, सहा फळ्या. दोन्ही बाजूंच्या शेल्फमधली गल्ली १.८ मीटर रुंद. प्रत्येक फळीच्या कडेला ४० मिलिमीटर उंचीची प्लास्टिकची पट्टी आणि त्या पट्टीत सरकवलेले ६० मिलिमीटर रुंदीचे किमतीचे टॅग. चित्र ३८४० बाय २१६०, लेन्स ३५ मिलिमीटर, सेन्सर ब्लेंडरचा नेहमीचा ३६ मिलिमीटर. कॅमेरा गल्लीच्या बरोबर मधोमध, सरळ समोर बघणारा. आपण सगळेच पहिल्यांदा हाच कॅमेरा लावतो, कारण दोन्ही बाजूंच्या फळ्या एका बिंदूकडे धावत जाताना सुंदर दिसतात.

आधी नेमका दोष कुठला ते ओळखून घ्या. वरवर सारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी असतात. `Ctrl+B` ने एका टॅगभोवती चौकट आखा, डीनॉइझर बंद करा, तेवढाच तुकडा भरपूर सॅम्पलनी रेंडर करा आणि शंभर टक्के आकारात बघा. अंक उंच पण सुईसारखे बारीक झाले असतील तर दोष कोनाचा आहे. डीनॉइझर बंद असताना अंक ओळखू येतात आणि चालू केला की वितळतात, असं असेल तर दोष डीनॉइझरचा. आणि कॅमेरा टॅगच्या अगदी समोर आणूनही अंक धूसरच राहिले तर तुमचं टेक्स्चरच लहान आहे. तिसरं प्रकरण क्वचित सापडतं आणि दोन मिनिटांत सुटतं. पहिलं मात्र जवळजवळ प्रत्येक गल्लीच्या चित्रात असतं, म्हणून आधी त्याचंच बघू.

गल्लीत मधोमध उभं राहून समोर बघितलं की शेल्फचा दर्शनी भाग आपल्या नजरेच्या दिशेला समांतर असतो. टॅग त्याच भागावर चिकटलेले असतात, म्हणजे ते आपल्याला समोरून दिसतच नाहीत, कडेने दिसतात. वस्तू दुप्पट लांब गेली की तिची उंची निम्मी होते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण अशा कडेने दिसणाऱ्या टॅगची रुंदी निम्मी होत नाही, चौथा हिस्सा होते. एकदा अंतरामुळे आणि एकदा कोनामुळे, असं ते दोनदा आकसतं.

```
px = K * x * w / d²
K  = (35 / 36) * 3840 = 3733
```

इथे `x` म्हणजे कॅमेऱ्यापासून शेल्फचं आडवं अंतर (आमच्याकडे ०.९ मीटर), `w` म्हणजे टॅगची रुंदी (०.०६ मीटर) आणि `d` म्हणजे टॅग समोरच्या दिशेने किती लांब आहे ते. तीन मीटरवरचा टॅग चित्रात सुमारे ५० पिक्सेल उंच येतो, पण रुंदीला फक्त २२ पिक्सेल. सहा मीटरवर उंची २५ आणि रुंदी साडेपाच. साडेपाच पिक्सेलमध्ये "₹१४९" कुठे मावणार?

आता वाचता येणं म्हणजे काय ते ठरवू. टॅगच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश भागात किंमत छापलेली असते आणि तिच्यात रुपयाच्या चिन्हासकट चार अक्षरं येतात. प्रत्येक अक्षराला सहा-सात पिक्सेल मिळाले तर डोळ्याला ते ओळखू येतं. म्हणजे अख्खा टॅग कमीत कमी ४० पिक्सेल रुंद हवा. हे आकडे सूत्रात घातले की वाचता येण्याची हद्द निघते २.२४ मीटर. दुसऱ्या बाजूने, ३५ च्या लेन्समध्ये बाजूचं शेल्फ चौकटीत यायलाच १.७५ मीटरपासून सुरुवात होते. म्हणजे फोर-के चित्रात खऱ्या अर्थाने वाचता येणारं शेल्फ जेमतेम अर्धा मीटर, अर्धा खण.

१९२० च्या चित्रात ही हद्द १.५९ मीटरवर येते, आणि तिथे तर शेल्फ अजून चौकटीतच आलेलं नसतं. त्या चित्रात एकही टॅग वाचता येणार नाही, सॅम्पल कितीही वाढवा. आठ-के केलं तर हद्द ३.१७ मीटरपर्यंत जाते. पिक्सेल चौपट, वेळ जवळपास चौपट, आणि मिळकत साधारण १.४ मीटरचा पट्टा. रिझोल्यूशन दुप्पट केलं की हद्द फक्त १.४ पट पुढे सरकते, कारण सूत्रात अंतराचा वर्ग बसलेला आहे. "क्वालिटी वाढवा" या मागणीने हा प्रश्न का सुटत नाही, ते इथे कळतं. मी हा हिशोब क्लायंटच्या माणसाला फोनवर तोंडी सांगितला तेव्हा त्यांनाही तो लगेच पटला, कारण दुकानात गल्लीच्या टोकाला उभं राहून त्यांनाही किमती वाचता येत नाहीत.

उपाय कॅमेरा हलवण्यात आहे. मी तो गल्लीच्या मध्यावरून काढून डाव्या शेल्फपासून ०.४ मीटरवर आणला, म्हणजे उजवं शेल्फ १.४ मीटर लांब गेलं. मग कॅमेरा उजवीकडे २२ अंश वळवला. फक्त आडवा वळवायचा. वरखाली झुकवला तर गोंडोलाचे उभे खांब तिरपे होतात आणि शेल्फ कलंडल्यासारखं दिसतं. म्हणून `Rotation X` बरोबर ९० अंशावर ठेवा आणि चौकट खाली घ्यायची असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Shift Y` ला `-0.1` द्या. कॅमेऱ्याची उंची मी १.४ मीटर ठेवली.

या कॅमेऱ्यातून उजवं शेल्फ १.२ मीटरपासून चौकटीत येतं आणि २.४५ मीटरपर्यंत टॅग ४० पिक्सेलच्या वर राहतात. म्हणजे वाचता येणारा पट्टा सव्वा मीटरचा, आधीच्या अडीच पट. चित्र तेच फोर-के, एकही पिक्सेल न वाढवता आठ-के सरळ चित्राच्या जवळपास पोचणारं. डावं शेल्फ साडेचार मीटरच्या आसपास चौकटीत शिरतं आणि गल्लीचं टोकही दिसत राहतं, त्यामुळे गल्लीची खोली हरवत नाही. मी आधी ३० अंश वळवून पाहिलं होतं. त्यात टॅग वाचता येणारा पट्टा थोडा मोठा झाला, पण डावं शेल्फ आणि गल्लीचं टोक दोन्ही चौकटीबाहेर गेले, आणि उरलं ते नुसत्या एका भिंतीचं चित्र. वीस ते पंचवीसच्या मध्ये कुठेतरी थांबणं मला योग्य वाटतं.

इथून पुढे टॅगचे तीन पट्टे पाडायचे. सगळ्या टॅगना एकसारखी मेहनत देणं चुकीचं आहे. नजर ज्यांना वाचू शकते त्यांनाच मजकूर द्यायचा. पहिला पट्टा ४० पिक्सेल आणि त्याहून रुंद टॅगचा, आमच्या चित्रात २.४५ मीटरपर्यंत. दुसरा १० ते ४० पिक्सेलचा, सुमारे साडेपाच मीटरपर्यंत. तिथे आकडा आहे हे कळतं, कोणता ते कळत नाही. त्यापलीकडे तिसरा, जिथे टॅग म्हणजे नुसता रंगाचा ठिपका. कुठला टॅग कुठल्या पट्ट्यात येतो हे डोळ्यांनी ठरवू नका, मशीनकडून मोजून घ्या. सगळे टॅग `TAGS` नावाच्या कलेक्शनमध्ये ठेवले की ही छोटी स्क्रिप्ट पुरते:

```python
import bpy
from mathutils import Vector
from bpy_extras.object_utils import world_to_camera_view as w2c

s = bpy.context.scene
W = s.render.resolution_x * s.render.resolution_percentage / 100

for o in bpy.data.collections["TAGS"].objects:
    a, b = [w2c(s, s.camera, o.matrix_world @ Vector((x, 0, 0)))
            for x in (-0.03, 0.03)]
    if a.z <= 0 or b.z <= 0:
        continue
    px = abs(a.x - b.x) * W
    o["zone"] = 1 if px >= 40 else 2 if px >= 10 else 3
```

यात तीन अटी आहेत. टॅगचा ओरिजिन त्याच्या मधोमध हवा, रुंदी त्याच्या स्वतःच्या एक्स अक्षावर हवी आणि `Apply Scale` केलेलं हवं, नाहीतर ०.०३ म्हणजे तीन सेंटिमीटर राहत नाही. टॅग `Alt+D` ने केलेल्या प्रती असाव्यात, जॉमेट्री नोड्सनी उधळलेल्या प्रती या कलेक्शनच्या यादीत येत नाहीत. मी आधी टॅगच्या बाउंडिंग बॉक्सची रुंदी मोजत होते, पण त्यात फसगत होते. खऱ्या पट्ट्या थोड्या वरच्या बाजूला कललेल्या असतात, त्या कलण्यामुळे चौकट रुंद भासते आणि लांबचा टॅगही वाचता येईलसा ठरतो. म्हणून डाव्या आणि उजव्या कडेचे मधले दोन बिंदूच मोजायचे.

मटेरियलमध्ये `Attribute` नोड घ्या, त्याचा प्रकार `Object` करा आणि नाव `zone` लिहा. त्या आकड्यावरून तीनपैकी कुठलं चित्र लागायचं ते ठरवता येतं.

पहिल्या पट्ट्यात आमच्याकडे चार-पाच फळ्या मिळून चाळीस-पन्नास टॅग आले. एवढे टॅग क्लायंटकडून खऱ्या मालाची आणि खऱ्या किमतीची यादी मागवून भरता येतात, आणि ते आनंदाने देतात. इथे एक चूक मी आवर्जून सांगते, कारण ती माझ्या हातून गेली होती. घाईत मी किमती रँडम काढल्या आणि काही टॅगवर दुकानाची किंमत एमआरपीपेक्षा जास्त आली. आपल्याकडे पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. रिटेलमधल्या माणसाची नजर सगळ्यात आधी अशाच टॅगवर जाते आणि मग बाकीच्या चित्रावरचाही त्याचा विश्वास उडतो. एमआरपी आधी ठरवा, त्यातून सवलत वजा करा, मगच विक्रीची किंमत लिहा. आणि टॅग ज्या मालाखाली आहे त्याच मालाचं नाव त्यावर असू द्या. तुरीच्या डाळीखाली साबणाचा टॅग कुणीही पकडतं.

टेक्स्चरच्या आकाराबद्दल मोठा गैरसमज आहे. प्रत्येक टॅगला दोन हजार पिक्सेलचं चित्र लावलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. आमच्या चित्रातला सगळ्यात जवळचा, सगळ्यात मोठा दिसणारा टॅग ११६ पिक्सेल रुंद होता. त्याला २५६ पिक्सेल रुंदीचं टेक्स्चर भरपूर झालं. मोठं टेक्स्चर नुसतं वाया जात नाही, नुकसानही करतं. मी वापरते त्या ब्लेंडर ४.२ मध्ये सायकल्स मिपमॅप करत नाही, म्हणजे लांबच्या टॅगसाठी चित्राची आधीच लहान करून ठेवलेली प्रत ते वापरत नाही. प्रत्येक किरण त्या मोठ्या चित्रातला एखादा ठिपका उचलतो, कधी काळा, कधी पांढरा. लांबच्या टॅगवर दाणे दिसतात आणि चलचित्रात पट्ट्या चमचमतात, त्यामागे हेच असतं.

म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यासाठी लहान चित्रं आपणच बनवायची. दुसऱ्या पट्ट्यासाठी मी वीसेक टॅगचा एक संच केला, प्रत्येक ६४ पिक्सेल रुंद, अंक मोठे आणि बारीक मजकूर काढून टाकलेला. `Object Info` नोडच्या `Random` मधून त्यातला एक निवडला जातो. तिसऱ्या पट्ट्यात मजकूर नाहीच, टॅगचा सरासरी रंग तेवढा. फक्त सगळ्या टॅगना तंतोतंत एकच रंग देऊ नका, नाहीतर लांबवर फळीच्या कडेला पट्टीने आखल्यासारखी पिवळी रेघ उमटते. उजळपणात चार-पाच टक्क्यांचा फरक आणि मधूनच एखादी रिकामी जागा, एवढ्याने काम होतं. गल्लीतून फिरणारा कॅमेरा असेल तर मात्र पट्टे दर फ्रेमला बदलू नका, टॅग डोळ्यांदेखत उडी मारतात. प्रत्येक टॅग कॅमेऱ्यात जेव्हा सगळ्यात रुंद दिसतो त्या फ्रेमवर मोजून तोच पट्टा शेवटपर्यंत ठेवा.

एवढं करूनही पहिल्या पट्ट्यातले अंक वितळत असतील तर डीनॉइझरकडे वळा. `View Layer` मधलं `Denoising Data` चालू करा, रेंडर करा आणि `Denoising Albedo` हा पास उघडून बघा. त्यात टॅगवरचे अंक स्वच्छ दिसले पाहिजेत, कारण कुठल्या कडा जपायच्या हे डीनॉइझर त्या पासवरून ठरवतो. माझ्या चित्रात तिथे अंकांच्या जागी करडा पडदा होता. पट्टीवरचं प्लास्टिक मी काचेचा वेगळा पत्रा म्हणून मांडलं होतं आणि त्याला थोडी `Roughness` दिली होती. त्यामुळे पासमध्ये अंकांऐवजी काचच नोंदली जात होती. तो पत्रा काढून टाकला, टॅगच्याच मटेरियलला `Coat` ची हलकी चकाकी दिली, आणि अंक परत आले. एवढ्या अंतरावरून पत्रा आहे की नुसती चकाकी, हे कुणालाही ओळखता येत नाही.

आता माणसं. ही वेगळी अडचण आहे असं वाटतं, पण ती टॅगशीच बांधलेली आहे, कारण गिऱ्हाईक दुकानात करतं काय? माल बघतं आणि किंमत वाचतं. चित्रातला माणूस खोटा वाटतो तो बहुतेक वेळा यामुळेच, की तो शेल्फसमोर उभा असतो आणि बघत भलतीकडेच असतो.

पहिली गोष्ट उंचीची. विकत मिळणारी बरीचशी माणसांची मॉडेल युरोपीय बांध्याची असतात, १७५ ते १८५ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची १५० ते १५५ च्या दरम्यान, पुरुषांची १६५ च्या आसपास. १८० चं मॉडेल १८० च्या शेल्फशेजारी उभं केलं की शेल्फ बुटकं दिसतं, आणि क्लायंट म्हणतो, "रॅकचं माप चुकलंय का?" माप बरोबरच असतं, माणूस चुकलेला असतो. १५३ सेंटिमीटरच्या बाईचे डोळे साधारण १४२ वर येतात. ती वरच्या फळीवरचा टॅग मान थोडी वर करून वाचते आणि खालून तिसऱ्या फळीचा टॅग मान खाली घालून. पण १८० च्या मॉडेलला नुसतं लहान करू नका. डोकं आणि हातही त्या प्रमाणात लहान होतात आणि तिने उचललेली तेलाची पिशवी तिच्या हातात मोठी दिसते. भारतीय मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. सलवार-कमीज, साडी, साधा शर्ट, खांद्याला पर्स, हातात टोपली. जाड कोट घातलेली माणसं पुण्या-नाशिकच्या दुकानात कुणाला खरी वाटणार?

दुसरी गोष्ट पावलांची. माणूस हवेत तरंगतो आहे का हे सावलीवरून लवकर कळत नाही, कारण दुकानात छताला दिव्यांच्या रांगा असतात आणि सावल्या फिक्या पडतात. फरशीतलं प्रतिबिंब बघा. चकचकीत टाइलमध्ये पाऊल आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना चिकटलेलं हवं. मध्ये बारीकशी जरी फट दिसली तरी मॉडेल जमिनीच्या वर आहे. स्कॅन केलेल्या मॉडेलच्या टेक्स्चरमध्ये कधीकधी स्टुडिओतल्या सावल्या आधीच छापलेल्या असतात, तेही एकदा तपासा. चेहऱ्याची एकच बाजू कायम काळी राहत असेल तर ते मॉडेल बदला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, ती म्हणजे उभं कुठे करायचं. या चित्रातली सगळ्यात वाईट जागा दुसरा पट्टा संपून तिसरा सुरू होतो ती आहे, साडेपाच मीटरच्या आसपास. तिथे टॅग धड आकडाही नसतो आणि धड ठिपकाही नसतो, सगळा गिचका. मी एका बाईला कॅमेऱ्यापासून साडेतीन मीटर पुढे आणि उजव्या शेल्फपासून अर्धा मीटर अलीकडे उभं केलं. कॅमेऱ्यातून तिच्या अंगाच्या कडांवरून रेषा काढल्या तर त्या शेल्फला साधारण साडेचार मीटर आणि सात मीटरवर टेकतात. म्हणजे एका बाईच्या पाठीमागे शेल्फचा अडीच मीटरचा भाग लपला, आणि नेमका तोच, जो दाखवण्यासारखा नव्हता. उंचीला ती चित्रात सुमारे सोळाशे पिक्सेल येते आणि पावलांपासून डोक्यापर्यंत पूर्ण दिसते.

तिचा डावा हात ट्रॉलीवर ठेवला आणि मान शेल्फकडे वळवून थोडी खाली केली, नजर तिच्या समोरच्या तिसऱ्या फळीच्या पट्टीवर. त्यासाठी पट्टीवरच्या एका टॅगवर `Empty` ठेवून डोक्याच्या हाडाला `Damped Track` लावलं, आणि प्रभाव पूर्ण न देता ०.७ वर आणला. पूर्ण दिला तर मान यंत्रासारखी रोखली जाते. उरलेली नजर डोळ्यांनी वळवायची. बघणाऱ्याचे डोळे आपोआप तिच्या नजरेमागे शेल्फच्या पट्टीकडे जातात, आणि तिथून जवळच्या, वाचता येणाऱ्या टॅगकडे सरकतात. आणखी दोनच माणसं ठेवली. लांबवर डाव्या शेल्फशी खोक्यातून माल काढून फळीवर लावणारा दुकानातला मुलगा, आणि त्याच्या पलीकडे ट्रॉली ढकलत येणारे आजोबा. १.८ मीटरच्या गल्लीत याहून जास्त माणसं घातली की ट्रॉल्या एकमेकांत घुसतात.

क्लायंटचा एक आग्रह तरीही राहिला. लांबवरच्या खणांतली ऑफरसुद्धा दिसायला हवी. टॅग मोठे करून हे होत नाही. पट्टी ४० मिलिमीटरची आहे, तिच्याबाहेर टॅग काढला तर ते दुकान राहत नाही. खऱ्या दुकानात यासाठी शेल्फला काटकोनात बाहेर आलेल्या छोट्या पाट्या लावतात, ज्यांचं तोंड चालत येणाऱ्या माणसाकडे असतं. अशा पाटीच्या बाबतीत अंतराचा वर्ग येत नाही, साधा भागाकार येतो. दहा सेंटिमीटर रुंदीची पाटी आठ मीटरवरही ४५ पिक्सेलच्या वर भरते. क्लायंटच्या डिझाइनमध्ये अशा पाट्या होत्याच, माझ्या मॉडेलमध्ये नव्हत्या. एका बाजूला चार-चार मीटरवर एक, अशा त्या लावल्या. त्यांच्यावर फक्त टक्क्यांचा आकडा ठेवला, "१५%" एवढाच.

शेवटचं रेंडर त्याच जुन्या मशीनवर, फोर-केमध्येच झालं, आठ-केच्या प्रयत्नाला लागला होता त्यापेक्षा बऱ्याच कमी वेळात. क्लायंटच्या बाजूने या वेळी आलेली दुरुस्ती एकच होती: तांदळाच्या एका टॅगवरचं वजन पाच किलोऐवजी दहा किलो हवं होतं. म्हणजे ते टॅग वाचत होते.